सहायक प्राध्यापकपदाच्या अर्जात अध्यापनाचा अनुभव महिन्यांत मांडा

तासिका तत्त्वावर शिकवलेल्या उमेदवारांच्या अर्जात ‘अनुभव : २ वर्षे’ असे मोघम लिहिलेले असते आणि छाननीत प्रमाणपत्रांवरील तारखा त्याच्याशी जुळत नाहीत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत मुलाखतीसाठीच्या निवडयादीत अनुभवाला दरवर्षी २, कमाल १० गुण आहेत आणि वर्षापेक्षा कमी काळाचे गुण त्या प्रमाणात कमी होतात, म्हणून हिशेब आपणच करून द्यावा.

प्रत्येक नेमणुकीची स्वतंत्र ओळ करून महाविद्यालय, विषय, नेमणुकीचे स्वरूप, रुजू व कार्यमुक्त झाल्याची तारीख, महिने आणि जोडपत्र क्रमांक लिहावा. समजा, दादरला १६ जुलै २०२१ ते १५ एप्रिल २०२२ असे ९ महिने, पुढे तिथेच १ ऑगस्ट २०२२ ते ३१ मार्च २०२३ असे ८ महिने आणि त्यातलेच शेवटचे ६ महिने संध्याकाळी ठाण्यालाही शिकवले. मुंबईत अशी दुहेरी धावपळ नेहमीचीच. पण एकाच काळातले महिने दोनदा मोजता येत नाहीत. बेरीज २३ नव्हे, १७ महिने होते आणि गुण सुमारे २.८३. ठाण्याची ओळ मात्र ठेवावी व शेऱ्यात ‘समांतर कालावधी’ लिहावे.

प्रमाणपत्रावर नुसते ‘शैक्षणिक वर्ष २०२१-२२’ असेल तर प्राचार्यांकडून नेमक्या तारखांचे नवे घ्यावे, आणि विद्यापीठाच्या मान्यतेचे पत्र असल्यास त्याच ओळीच्या जोडपत्रात लावावे.

तासिका तत्त्वावरील अनुभव धरला जाईल की नाही, हे त्या पदाच्या जाहिरातीत आधी तपासावे.