मत चुकलं हे त्याच दिवशी कसं सांगायचं
(शेअर अभ्यासकांच्या एका छोट्या क्लबात केलेलं भाषण)

मंडळी, तुम्ही दर बैठकीला एक कंपनी घेता. एकजण मत मांडतो, बाकीचे त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडतात. हे उत्तम चाललं आहे. मला विषय दिला आहे तो त्यानंतरचा, म्हणजे मांडलेलं मत चुकत चाललं आहे हे कळल्यावर काय करायचं. मी बरीच वर्षं अशा नोट्स लिहिल्या आणि आता बहुतेक वेळ इतरांच्या तपासतो. तपासणाऱ्याला एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. चूक लपवायची म्हणून कुणी लपवत नाही. लिहिणाऱ्याला ती चूक आहे हेच दिसत नसतं, कारण दर तिमाहीला तो आपल्या मताखालचं कारण हळूच बदलत असतो.

आमच्या टीममधल्या एका तरुण सहकाऱ्याचं उदाहरण सांगतो. कंपनी पंप बनवणारी, नवा कारखाना नुकताच सुरू झालेला. त्याचं मत होतं ‘खरेदी करा’. कारण असं की मागणी चांगली आहे, नवा कारखाना वर्षभरात ७० टक्के क्षमतेने चालेल, स्थिर खर्च जास्त मालावर वाटला जाईल आणि ऑपरेटिंग मार्जिन १२ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर जाईल. नोट चांगली होती. मत कशावर उभं आहे ते त्यात सरळ लिहिलेलं होतं.

पहिल्या तिमाहीत मार्जिन ११.८ टक्के आलं. नवा कारखाना सुरू होताना खर्च आधी येतो, विक्री नंतर, त्यामुळे यात खटकण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या तिमाहीत विक्री आधीच्या वर्षाच्या तुलनेत १८ टक्के वाढली, मार्जिन १२.१ झालं आणि सगळे खूश झाले. त्याच निकालासोबत ताळेबंद आला. अनेक ठिकाणी तो सहामाहीलाच हाती पडतो. त्यात ग्राहकांकडून येणं असलेली रक्कम ५० टक्के वाढलेली होती. विक्री १८ टक्के आणि उधारी ५० टक्के! पूर्वी माल विकल्यावर पैसे यायला ६० दिवस लागत असतील, तर आता साधारण ७६ लागत होते. याचा सरळ अर्थ असा की माल विक्रेत्यांच्या गोदामात ढकलला जात होता, आणि त्यांनी तो घ्यावा म्हणून उधारीची मुदत वाढवून दिली जात होती. कारखाना किती क्षमतेने चालला असं कॉन्फरन्स कॉलवर कुणीतरी विचारलं, तेव्हा व्यवस्थापनाने आकडा दिला नाही, ‘समाधानकारक’ एवढंच म्हटलं.

मत खरं तर तिथे संपलं होतं. मागणी चांगली आहे हा त्याचा पाया, आणि वाढलेली उधारी नेमकं उलट सांगत होती. पण त्याच्या दुसऱ्या नोटमध्ये होतं की १६ टक्के मार्जिन दोन तिमाही उशिरा येईल. टार्गेट प्राइस किंचित कमी केलेली, रेटिंग तेच. तिसऱ्या तिमाहीत विक्री घटली, मार्जिन १० टक्क्यांवर आलं, शेअर पडला, आणि तिसऱ्या नोटचं शीर्षक काय, तर ‘मूल्यांकन आकर्षक’.

मी तिन्ही नोट्सची पहिली पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि त्याला वाचायला सांगितलं. रेटिंग तिन्ही वेळा एकच, पण कारणं तीन. पहिल्यांदा मार्जिन वाढणार म्हणून घ्या, मग मार्जिन उशिरा वाढणार म्हणून घ्या, आणि शेवटी शेअर पडला म्हणून घ्या. तिसरं कारण पहिल्या नोटमध्ये औषधालाही नव्हतं. त्याला वेगळं काही समजवावं लागलं नाही. तुम्हालाही हीच चाचणी सुचवेन, कारण तिला हुशारी लागत नाही. निकाल उघडण्याआधी स्वतःची पहिली नोट उघडायची. आज मी तेच मत ज्या कारणाने धरून आहे ते कारण तिथे नसेल, तर मूळ मत चुकलं आहे आणि मी नवं मत जुन्या नावाने चालवतो आहे.

आता ‘मत चुकलं’ आणि ‘अजून वेळ लागतोय’ यातला फरक. सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. शेअर पडला एवढ्यावरून मत चुकलं असं मी मानत नाही. भाव शंभर कारणांनी पडतो. उलट शेअर वाढत असतानाही मत चुकलेलं असू शकतं. दुसऱ्या तिमाहीत नेमकं तेच चाललं होतं. म्हणून पहिल्याच नोटमध्ये, डोकं थंड असताना, एक ओळ लिहून ठेवावी लागते: कोणता आकडा, कोणत्या तारखेपर्यंत, किती आला तर हे मत मी सोडेन. पंपांच्या बाबतीत ती अशी असायला हवी होती: ‘सहामाही ताळेबंदात उधारीचे दिवस ७० च्या वर गेले किंवा कारखाना निम्म्या क्षमतेखाली असेल, तर मागणीबद्दलचं माझं म्हणणं चूक.’ आकडा आधी ठरलेला असला की निकालाच्या रात्री स्वतःशी घासाघीस करता येत नाही. अर्थात हे दर वेळी जमत नाही. काही मतांना सहा महिन्यांत तपासता येईल असा आकडाच नसतो. ब्रँडची ताकद वगैरे प्रकार असला की मी ती ओळ दोनदा-तीनदा खोडतो. मग निदान तारीख लिहायची, त्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं.

एकाच माणसाने हे एकदा हळू आणि एकदा झटपट केल्याचं उदाहरण जगजाहीर आहे, म्हणून घेतो. बिल अ‍ॅकमन, पर्शिंग स्क्वेअर या फंडाचे प्रमुख. २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी व्हॅलियंट या औषध कंपनीत मोठी गुंतवणूक केली. इतर कंपन्या विकत घ्यायच्या, संशोधनाचा खर्च कापायचा आणि औषधांच्या किमती वाढवायच्या, असं त्या कंपनीचं चालायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये फिलिडोर या औषधविक्रेत्या कंपनीशी असलेले तिचे संबंध उघड झाले आणि शेअर कोसळला. अ‍ॅकमननी त्या महिन्यात आणखी शेअर घेतले आणि ३० ऑक्टोबरला सुमारे चार तासांची कॉन्फरन्स कॉल घेऊन गुंतवणुकीचा बचाव केला. पुढे मार्च २०१६ मध्ये ते संचालक मंडळावरही गेले. बाहेर पडले ते मार्च २०१७ मध्ये, सुमारे ४०० कोटी डॉलरचा तोटा घेऊन.

मला त्यात सर्वात महागडी वाटते ती चार तासांची कॉल. ज्याने चार तास जाहीर बचाव केला, त्याला पुढच्या आठवड्यात ‘मी चुकलो’ म्हणणं किती जड जाईल याचा विचार करा. वाईट बातमी आल्यावर पहिले एक-दोन दिवस बचावाचं काहीही लिहू नका, बोलू नका, असं मी नव्या मुलांना सांगतो ते यामुळेच. विचारलं तर ‘तपासतोय, अमुक दिवशी सांगतो’ एवढं पुरे.

त्याच अ‍ॅकमननी जानेवारी २०२२ मध्ये नेटफ्लिक्सचे ३१ लाखांहून जास्त शेअर घेतल्याचं जाहीर केलं. १९ एप्रिलला निकाल आला. तिमाहीत २५ लाख ग्राहक वाढतील असा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता, प्रत्यक्षात २ लाख कमी झाले. कंपनी आता जाहिरातींचा आणि पासवर्ड वाटून घेणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा विचार करत होती. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे ३५ टक्के पडला. त्याच दिवशी अ‍ॅकमननी सगळे शेअर विकल्याचं पत्र गुंतवणूकदारांना लिहिलं. तोटा ४० कोटी डॉलरच्या वर. कारण त्यांनी भावाचं दिलं नाही. हे बदल शहाणपणाचे असतीलही, पण त्यांचा ग्राहकसंख्येवर आणि नफ्यावर काय परिणाम होईल याचा अंदाज आपल्याला पूर्वीइतक्या खात्रीने करता येत नाही, असं ते म्हणाले.

तुमच्यापैकी कुणीतरी आत्ता मनात म्हणत असेल, ‘पण सर, नेटफ्लिक्स तर नंतर खूप वाढला!’ वाढला. जाहिराती आणि पासवर्ड हे दोन्ही उपाय चालले. लवकर कबूल करण्याची ही किंमत आहे, ती अधूनमधून मोजावी लागते आणि ती नाही असं मी सांगणार नाही. पण त्या दिवशीचा प्रश्न ‘शेअर पुढे वाढेल का’ हा नव्हताच. ज्या कारणाने घेतला ते कारण उरलं आहे का, एवढाच होता. आणि ‘घ्या’ हे मत चुकलं म्हणून ‘विका’ हे मत आपोआप बरोबर ठरत नाही. चूक कबूल करण्याच्या भरात त्याच नोटमध्ये तावातावाने उलटं मत ठोकून देणारे मी बरेच पाहिले आहेत. दुसऱ्या मताला स्वतःचा अभ्यास लागतो.

आता लिहायचं कसं. पहिल्या वाक्यात. ‘आमचं मत चुकलं’ हे शब्द पहिल्या वाक्यात आले पाहिजेत, टार्गेट प्राइसच्या तक्त्याखाली नाही. आमच्या त्या सहकाऱ्याने शेवटी लिहिलेली सुरुवात अशी होती: ‘पंपांची मागणी वाढेल आणि मार्जिन १६ टक्के होईल हे आमचं मत चुकलं. सहामाही ताळेबंदातली उधारी पाहता हे आम्ही मागच्या तिमाहीतच म्हणायला हवं होतं.’ पुढे त्याने दोन परिच्छेदांत काय म्हटलं होतं, काय झालं आणि आता कोणते अंदाज बदलले एवढंच दिलं. पहिल्या मसुद्यात बाजाराचं वातावरण, कच्च्या मालाचे भाव असं बरंच होतं. ते मी काढायला लावलं. त्या गोष्टी खोट्या नव्हत्या, पण त्यांच्यामुळे उधारी वाढली नव्हती.

व्यवसायात येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. मत बदललं की पहिला मोह होतो तो एखाद्या जवळच्या ग्राहकाला फोन करण्याचा, ‘नोट उद्या येतेय, पण तुम्हाला आधीच सांगतो’ म्हणून. तो करू नका. नोट सगळ्यांना एकाच वेळी जाते, फोन त्यानंतर. त्यांना नोटमधलं समजावून सांगा, जास्तीचं काही नाही. फोन करताना, तुमच्या मतावर ज्यांनी खरोखर पैसे लावले ते आधी घ्यायचे. ते चिडतील. त्यांचं ऐकून घ्यायचं आणि पहिलं वाक्य पुन्हा म्हणायचं.

तुमच्या क्लबात एवढे नियम लागणार नाहीत. पण पुढच्या निकालांच्या हंगामात एक करून पाहा. निकाल येण्याच्या आदल्या दिवशी, ज्याची कंपनी असेल त्याने दोन सुरुवाती लिहून आणायच्या: मत टिकलं तर काय लिहीन आणि मोडलं तर काय लिहीन. दुसरी लिहिताना जो अडकतो, त्याच्या मूळ नोटमध्ये मत सोडण्याचा आकडा नसतो. मग निकालाआधी तो आकडाच ठरवायला बसायचं.