लाइट गेली तरी डाउनलोड पहिल्यापासून नको

आमच्या यवतमाळकडच्या गावात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. उबुंटूची पाच-सहा जीबीची आयएसओ ब्राउझरने दोनदा नव्वद टक्क्यांवर सोडली, तेव्हापासून मी aria2 हा कमांडने चालणारा डाउनलोडर वापरतो.

```
aria2c -c -x 4 -s 4 -m 0 "लिंक"
```

`-x 4 -s 4` म्हणजे एकच फाइल चार कनेक्शननी चार तुकड्यांत येते. वेग वाढतो तो सर्व्हर दर कनेक्शनला मर्यादा घालत असेल तरच. टॉवरच मंद असेल तर सोळा लावूनही काही होत नाही. `-m 0` मुळे पाच प्रयत्नांनंतर तो हार मानत नाही.

खरी गोम वेगळी आहे. फाइलशेजारी `.aria2` शेपटीची एक छोटी फाइल तयार होते. कुठले तुकडे आले याची नोंद तिच्यात असते, दर मिनिटाला जतन होते. लाइट आली की त्याच फोल्डरमध्ये तीच कमांड द्यायची, फार तर शेवटचा मिनिट वाया जातो. कचरा समजून ती फाइल पुसू नका! मुख्य फाइलचा आकार सुरुवातीलाच पूर्ण दिसतो, म्हणून काम झालं असं वाटतं, पण आत भोकं असतात. `.aria2` आपोआप गायब झाली की मगच डाउनलोड संपलं. तरी `sha256sum` काढून संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवाच.

सर्व्हरला मधूनच पुढे देता येतं का, हे `curl -I` ने आधी बघा. `Accept-Ranges: bytes` दिसलं की बहुधा जमतं.