इरकल हातमागाची की यंत्रमागाची? मीटरवर भाव काढताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात भाचीच्या डोहाळजेवणासाठी आत्याबरोबर लक्ष्मी रस्त्यावर गेले होते. दोन दुकानांत मिळून आम्ही दोन इरकल साड्या निवडल्या. दोन्ही गडद निळ्या अंगाच्या, लाल पदराच्या, काठही जवळपास सारखेच. एकीची किंमत १,४५० रुपये, दुसरीची ३,८००. दोन्ही दुकानदारांनी ‘हातमाग’ हाच शब्द वापरला होता. कुंटे चौकाच्या कोपऱ्यावर थांबून आत्याने हिशेब मांडला : “अगं, साडी सव्वासहा मीटरची. एकीचा मीटर पडतो दोनशे तीसला, दुसरीचा सहाशेला. कापड हाताला सारखंच लागतंय. मग वरचे पावणेचारशे कशाचे?”

प्रश्न बरोबर होता, पण हिशेबात तीन चुका होत्या. यातली एक मी स्वतःही काही वर्षांपूर्वी केली होती आणि यंत्रमागावरची साडी हातमागाच्या भावाने घरी आणली होती. म्हणून इथे फक्त इरकलीबद्दलच लिहिते. पैठणी, महेश्वरी किंवा चंदेरीची पारख वेगळी असते आणि एकीचे नियम दुसरीला लावले तर घोटाळाच होतो.

चूक पहिली : टेप न लावता मीटरने भागणे

‘साडी म्हणजे सव्वासहा मीटर’ असं आपण धरून चालतो. पण ती लांबी ब्लाउजपीससकट असते. आमच्या १,४५०च्या साडीला ब्लाउजपीस नव्हताच. टेप लावली तर ती ५.४ मीटर भरली. म्हणजे तिचा मीटर २३० नव्हे, जवळजवळ २६८ रुपयांना पडत होता. दुसरी खरोखर ६.३ मीटर होती, तिचा मीटर ६०३ ला. फरक अजूनही दुपटीहून जास्त होता, पण आत्याने धरला होता तेवढा नव्हता.

लांबी धुण्याआधीच मोजावी, कारण सुती अंग पहिल्या धुण्यात आटतं आणि मग विक्रेत्याशी बोलायला जागा राहत नाही. टेप पदराच्या टोकापासून काठाला लागून सरळ धरायची. घडीवरून अंदाज करू नये. घड्या लहान-मोठ्या पडतात.

मग वजन. काट्यावर पहिली ४४० ग्रॅम भरली, दुसरी ५२०. लांबीने भागलं तर एकीचं मीटरमागे साडेएक्याऐंशी ग्रॅम, दुसरीचं साडेब्याऐंशी. जवळपास सारखंच. म्हणजे महाग साडीत सूत जास्त घातलेलं नव्हतं. आत्याचा हात खोटं सांगत नव्हता, अंगाचं कापड खरंच तोलामोलाचं होतं. किमतीतला फरक एकतर पदराच्या धाग्यात होता किंवा विणण्यात. शिवाय मीटरचा भाव ही सरासरी असते. इरकलीचं अंग साधं असतं आणि बरीचशी मेहनत पदराच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असते. ती सगळ्या लांबीवर पसरून टाकली की नेमकी जिथे बघायची तीच जागा झाकली जाते.

चूक दुसरी : अंग चाचपणे आणि पदराचा जोड न बघणे

ही माझी जुनी चूक. मी अंगाचं कापड हातात चुरगाळून बघितलं, काठ उलटून बघितला, आणि पदराकडे फक्त रंगासाठी नजर टाकली.

बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही साडी पारंपरिक पद्धतीने विणतात तेव्हा अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो. अंगाचे उभे धागे सुती, पदराचे रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचे. अंगाचा ताणा जिथे संपतो तिथे त्याच्या फासांत पदराच्या ताण्याचे फास अडकवून दोन्ही जोडतात. या जोडाला तिकडे ‘कोंडी’ म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीसाठी ताणा नव्याने तयार करावा लागतो. यंत्रमागावर एका बीमवर अनेक साड्यांचा सलग ताणा चढवलेला असतो. दर साडीला तो तोडून दुसरा जोडत बसणं तिथे परवडत नाही. म्हणून यंत्रमागावर अंगाचाच ताणा पुढे चालू ठेवून फक्त आडवा धागा बदलतात आणि पदर ‘लाल’ करतात.

हा फरक डोळ्यांना दिसतो. साडी खिडकीशी नेऊन पदराचा भरीव लाल भाग बघा. कोंडीचा पदर उभा-आडवा दोन्हीकडून लाल असतो, म्हणून रंग भरून येतो. सलग ताण्याच्या पदरात लाल आडव्या धाग्यांखाली निळे उभे धागे असतात. तो लाल जरा मळल्यासारखा, जांभळट दिसतो आणि साडी हलवली की रंग पालटतो. अंग आणि पदर जिथे मिळतात तिथे बोट फिरवलं तर कोंडीच्या साडीला एक बारीक, किंचित उंच रेघ लागते.

त्याहून सोपी जागा म्हणजे पदराच्या टोकाच्या दशा. दशा म्हणजे ताण्याचेच सुटे राहिलेले धागे. पदर लाल आणि दशा निळ्या असतील, तर ताणा सगळीकडे निळाच आहे. आत्याची १,४५०ची साडी आम्ही उलगडली आणि दशा निळ्या निघाल्या. दुसरीच्या लाल होत्या, आणि जोडावरची रेघही बोटाला लागली.

या खुणेला मर्यादा आहेत. साडीचं अंगही लालच असेल तर रंगावरून काही कळत नाही, तिथे बोटाने जोडच शोधावा लागतो. दशा कापून शिलाई मारलेली असेल किंवा वरून गोंडे लावलेले असतील तरी फसगत होते. आणि महत्त्वाचं म्हणजे, कोंडी न घालता विणलेली साधी हातमागाची साडीही असू शकते. म्हणजे कोंडी दिसली तर हातमागाचा पुरावा चांगला, पण दिसली नाही तर ‘यंत्रमागच’ असं लगेच म्हणता येत नाही. एवढं मात्र नक्की की कोंडीची मेहनत नसलेल्या साडीला कोंडीचा भाव देऊ नये.

कोंडी नसलेल्या साडीसाठी मी एक इंचाची मोजणी करते. फुटपट्टी कापडावर ठेवून मोबाईलने जवळून फोटो काढायचा आणि मोठा करून इंचभरातले आडवे धागे मोजायचे. असं साडीच्या लांबीत चार-पाच ठिकाणी करायचं. हातमागावर विणकर फणीचा ठोका हाताने देतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या ठोक्यात फरक पडतो आणि मोजणी दोन-चार धाग्यांनी खाली-वर होते. यंत्रमागावर ती जवळपास एकसारखी येते. काठाची कडाही बघावी. आडवे धागे कडेला कापलेले, झालरीसारखे दिसले तर ते आडवा धागा ने-आण करणारा धोटा नसलेल्या आधुनिक मागाचं काम. उलट कडा बंद असली म्हणून हातमाग ठरत नाही, कारण धोट्याच्या यंत्रमागावरही ती बंदच येते. ‘एखादा धागा चुकलाय, म्हणजे हाताने विणलेली’ हेही दुकानात फार ऐकू येतं. धागे यंत्रमागावरही तुटतात आणि चुकतात.

चूक तिसरी : धाग्याचा पुरावा मागाला लावणे

दुकानदार दशेचा धागा जाळून दाखवतो. केस जळल्यासारखा वास येतो, काळी राख बोटाने चुरता येते, आणि आपण खूश. पण यातून एवढंच कळलं की धागा रेशमी आहे. रेशीम यंत्रमागावरही विणतात. सिल्क मार्कचं लेबलही धाग्याबद्दलच बोलतं. मागाबद्दल बोलणारं लेबल म्हणजे २००६ साली सुरू झालेला हँडलूम मार्क.

तरीही इरकलीत ही परीक्षा करावीच. ‘सिल्क पदर’ म्हणून विकलेला पदर पुष्कळदा कृत्रिम रेशमाचा असतो. तो कागदासारखा भरकन जळतो आणि मऊ करडी राख राहते. पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. कृत्रिम रेशमाचा पदर ही फसवणूक नाही, हातमागावरही तो सर्रास विणतात. फक्त त्याला रेशमाचा भाव लागू नये.

भाव उलटा मोजून बघा

आत्याला पटलं ते या हिशेबाने. इथले खर्चाचे आकडे बाजारभाव नाहीत, रीत कळावी म्हणून धरलेले आहेत. तुम्ही विक्रेत्याला विचारून आपले घाला.

३,८००तून दुकान आणि मधले हात यांचे ४० टक्के वजा केले तर २,२८० उरतात. सूत आणि पदराचं रेशीम मिळून ७०० धरले तर उरले १,५८०. ताणा करणं, कोंडी जोडणं आणि विणणं यांना मिळून चार दिवस धरले तर दिवसाला ३९५ रुपये पडतात, तेही घरातल्या सगळ्या हातांना मिळून. फार नाहीत, पण शक्य आहेत.

आता तोच दावा १,४५०ला लावा. ४० टक्के गेल्यावर ८७० उरतात, सूत-रेशमाचे ७०० वजा केल्यावर १७०. चार दिवसांना वाटले तर दिवसाला साडेबेचाळीस रुपये. दुकानाने एक पैसाही नफा घेतला नाही असं मानलं तरी १८८ च्या वर जात नाही. एवढ्यावर कोणी माग चालवणार नाही. म्हणजे त्या साडीबद्दलच्या ‘हातमाग’, ‘रेशमी पदर’, ‘कोंडी’ यांपैकी निदान एक तरी शब्द खोटा.

हा हिशेब एकाच बाजूने चालतो, हे विसरू नये. फार कमी भाव दावा खोटा पाडतो, पण जास्त भाव दावा खरा करत नाही. माझी फसलेली साडी ४,२०० रुपयांची होती आणि तिच्या दशा निळ्या होत्या. विणकर संस्थांच्या प्रदर्शनात सूट असते, तेव्हा सूट वजा करण्याआधीची किंमत धरून मोजावं.

शेवटी आम्ही दोन्ही दुकानांत परत गेलो आणि बिलावर ‘हातमाग, सुती अंग, रेशमी पदर’ असं लिहून मागितलं. ३,८००वाल्याने लिहून दिलं. पहिला म्हणाला, “ताई, आम्ही नुसतं ‘कॉटन साडी’ लिहितो.” आत्याने तीही घेतली, रोज नेसायला. सुती आहे, अंगाला थंड आहे, आणि यंत्रमागाची म्हणून १,२०० ला मिळाली.