आवाक्याबाहेरचा लेख नाकारताना: संपादकांना काय कळवावं, दुसरं नाव कसं सुचवावं

मुक्त लेखनाच्या सुरुवातीला आलेलं काम नाकारायला हात धजावत नाही. विषय थोडा बाहेरचा असला तरी 'वाचून घेऊ, तज्ज्ञांशी बोलू' असं वाटतं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. प्रश्न असतो तो नुसत्या वाचनाने न भरणाऱ्या अंतराचा. हे अंतर ओळखायचं कसं, ते एक उदाहरण घेऊन पाहू.

समजा, एक लेखिका पाककृती आणि स्वयंपाकाच्या परंपरांवर लिहिते. तिला एका मासिकाकडून विचारणा येते: 'आहारातून मधुमेह आटोक्यात', १८०० शब्द, मुदत तीन आठवडे. आहार तिचाच विषय, म्हणून संपादकांना तिचं नाव सुचलं. पण या लेखाचा खरा विषय स्वयंपाक नाही, उपचार आहे. लेख वाचून कोणीतरी उद्यापासून रात्रीचं जेवण सोडणार. तो माणूस इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल आणि डोस तोच राहिला, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका बराच कमी. म्हणजे एकच सल्ला दोन वाचकांसाठी दोन वेगळ्या गोष्टी ठरतो.

'डॉक्टरांची मुलाखत घेईन की' हे उत्तर इथेच अपुरं पडतं. डॉक्टर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात. औषध आणि आहार यांचा असा संबंध असतो हेच माहीत नसेल, तर प्रश्न विचारलाच जात नाही. तसंच एचबीए१सी या तपासणीचं. ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, कारण ती तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, आणि या पेशींचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर हा आकडा प्रत्यक्षाहून जास्त दिसू शकतो, आणि नुकताच रक्तस्राव झाला असेल तर कमी. कोणी सांगितलं की 'माझा आकडा ७.८ वरून ६.४ वर आला', तर पुढे काय विचारायचं हे जिला सुचतं, तिनेच हा लेख लिहावा.

म्हणून निर्णय घेण्याआधी स्वतःची एक साधी परीक्षा घ्या. या विषयावरचा कोणाचाही एक लेख समोर ठेवा आणि त्यातली शंकास्पद वाक्यं अधोरेखित करा. एकही खटकलं नाही तर दोनच शक्यता उरतात: लेख निर्दोष आहे, किंवा चूक ओळखण्याइतकी तुमची त्या विषयाशी ओळख नाही. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी असते. उलट चुका दिसतात, फक्त ताजी आकडेवारी माहीत नाही, अशी स्थिती असेल तर काम घ्यायला हरकत नाही. ती उणीव तीन आठवड्यांत भरून निघते.

नकार शक्यतो एका दिवसात कळवा. मुदतीतला प्रत्येक दिवस पुढच्या लेखकाच्या वाट्यातून जातो. 'सध्या जरा गडबडीत आहे' हे कारण मात्र देऊ नका. संपादक तुमची गडबड संपण्याची वाट पाहतील, मुदत वाढवून देतील किंवा पुढच्या अंकासाठी तोच विषय घेऊन येतील. खरं कारण एका वाक्यात सांगितलं की त्यांच्या मनात तुमच्या विषयाची सीमाही पक्की होते, आणि पुढची विचारणा नेमकी येते.

नाव सुचवणं हे यातलं नाजूक काम. जिचं नाव सुचवायचं आहे तिला आधी विचारा, मग संपादकांना कळवा. विचारताना विषय, शब्दसंख्या आणि मुदत एवढंच सांगावं. संपादकांच्या लेखामागची कल्पना, त्यांनी सुचवलेले मुद्दे, तुम्हाला देऊ केलेलं मानधन यांतलं काही पुढे पाठवू नये; ती माहिती त्यांची आहे. लेखकांच्या ग्रुपवर 'कोणाला हवंय का?' असं टाकणं तर टाळाच. मासिकाचा आगामी विषय त्यामुळे जाहीर होतो, आणि पहिला हात वर करणारा योग्य असेलच असं नाही.

योग्य कोण? चटकन डोळ्यांसमोर एखादे नामवंत डॉक्टर येतात. पण मासिकाला हवा असतो सामान्य वाचकाला समजणारा लेख, तोही वेळेत. मधुमेहावर आधी लिहिलेली आरोग्यपत्रकार बहुधा जास्त बरी; डॉक्टर तिच्या लेखात बोलतील. तिचे दोन छापील लेख वाचा. टाइप १ आणि टाइप २ यांत ती फरक करते का? औषध परस्पर बंद करू नका, हे योग्य जागी येतं का? एका छोट्या अभ्यासाचा निष्कर्ष सगळ्यांना लागू करते का? आणखी एक पाहायचं: ती व्यक्ती स्वतः आहार-कार्यक्रम किंवा पूरक पावडर विकत असेल, तर या लेखासाठी तिचं नाव नकोच.

होकार मिळाला की पत्र असं जाऊ शकतं:

'नमस्कार. मधुमेहावरच्या लेखासाठी माझी आठवण ठेवलीत, आभार. हा लेख मी घेऊ शकणार नाही. माझा अभ्यास स्वयंपाकाचा आहे. औषधं चालू असताना आहार बदलला तर काय होतं, हे तपासून लिहिण्याइतकी माझी तयारी नाही. या विषयावर (नाव) नियमित लिहितात. त्यांचे दोन लेख सोबत जोडले आहेत. दुसऱ्यात औषधं आणि उपवास यांबद्दल नेमकी माहिती आहे. त्या माझ्या परिचयाच्या आहेत. आपल्या मुदतीत त्यांना वेळ आहे आणि संपर्क देण्यास त्यांची संमती आहे. निर्णय अर्थातच आपला.'

नकार तिसऱ्याच वाक्यात आला आहे, माफीचे परिच्छेद नाहीत, आणि ओळख असल्याचं उघड सांगितलं आहे. ही ओळख नंतर कळली तर शिफारशीचं वजन जातं. स्वतःसाठी वेगळा विषय सुचवायचा मोह इथे आवरावा; तो चार दिवसांनी स्वतंत्र पत्रात पाठवा, म्हणजे दोन्हींकडे नीट लक्ष जातं.

यानंतर व्यवहारातून बाहेर व्हा. मानधन किती ठरलं हे विचारू नका, त्यात वाटा मागू नका. काम स्वतःच्या नावावर घेऊन दुसरीकडून लिहून घेणं हा तर सरळ वाचकाचा आणि संपादकांचा विश्वासघात आहे.

काम स्वीकारल्यावर ते आवाक्याबाहेरचं आहे हे लक्षात आलं तर गोष्ट थोडी अवघड, पण पद्धत तीच. त्याच दिवशी शक्यतो फोन करा, मग लेखी कळवा. आगाऊ रक्कम घेतली असेल तर परत करा. लेख रद्द झाल्यावर मिळणारी भरपाई संपादकांनी काम थांबवलं तर असते, आपण माघार घेतली तर नाही. जमवलेली टिपणं द्यायची तयारी दाखवा, मात्र कोणी तुमच्याशी बोललं असेल तर त्यांची परवानगी घेऊनच.

आणि सुचवण्यासारखं कोणीच माहीत नसेल, तर नुसतं एखादं नाव पुढे करू नका. 'मधुमेहावर रुग्णांसाठी लिहिलेलं आहे असं कोणी शोधा, आणि लेख छापण्याआधी मधुमेहतज्ज्ञांकडून वाचून घ्या' एवढं सांगितलं तरी संपादकांना पुढचा फोन कोणाला करायचा हे ठरवता येतं.