प्राइसिंग पेजवर आधी फरक दाखवा

समजा, दुकानांसाठीच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे तीन प्लॅन आहेत: ₹२९९, ₹५९९ आणि ₹१,१९९. खाली २४ ओळींचा तक्ता, त्यातल्या १८ ओळींत तिन्हीकडे बरोबरची हिरवी खूण. ग्राहकाला खरा फरक त्या गर्दीत शोधावा लागतो, आणि बहुतेक जण तो शोधत बसत नाहीत.

त्या १८ ओळी तक्त्यातून काढा आणि खाली ‘सर्व प्लॅनमध्ये मिळते’ अशा एकाच यादीत ठेवा. उरलेल्या सहांपैकी निर्णय ज्यावर ठरतो ती ओळ सर्वांत वर घ्या. इथे ती म्हणजे किती जण वापरणार: १, ५ की २०. खूण नको, आकडाच लिहा. प्लॅनच्या नावाखालीही ‘मालक आणि चार कर्मचारी’ असं स्पष्ट असू द्या. नुसत्या ‘प्रो’वरून काहीच कळत नाही.

शिफारस एकाच प्लॅनची करा. भरीव रंगाचं बटण फक्त त्यालाच, बाकी दोघांना नुसती किनार. ‘सर्वाधिक लोकप्रिय’ ही पट्टी विक्रीचे आकडे तसे असतील तरच लावा. नाहीतर ‘२ ते ५ जणांच्या दुकानासाठी’ हे जास्त प्रामाणिक आणि जास्त उपयोगाचं. मोबाइलवर रकाने एकाखाली एक येतात, तेव्हा शिफारशीचा प्लॅन पहिला येतो ना, हे तपासा. किंमत जीएसटीसह की वगळून, तेही आकड्याशेजारीच लिहा.

मग एखाद्या दुकानदाराला पान दाखवून विचारा, “तुमच्याकडे तिघे आहेत, कोणता घ्याल?” तो वर-खाली स्क्रोल करत राहिला, तर पहिली ओळ चुकली आहे.