टॉवरच्या कामाच्या सूचना मराठीत लिहिताना या चुका टाळा

मोबाईल टॉवरवर चढणाऱ्या रिगरसाठी इंग्रजी सूचनापत्रांचं मराठी करायचं काम हल्ली बरंच निघतं, आणि त्यात त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. नवखा अनुवादक शब्दकोश उघडून बसतो. अँटेना, जम्पर, सेक्टर, अर्थिंग हे शब्द पोरांच्या तोंडात आधीपासून आहेत. त्यांना नवे प्रतिशब्द शोधण्यात वेळ घालवू नका. वाक्य वाचून माणसाचा हात नेमका कुठे जाईल, ते आधी बघा.

सगळ्यात महाग पडणारी चूक टिल्टची. टिल्ट दोन प्रकारचा असतो. मेकॅनिकल टिल्टमध्ये ब्रॅकेट सैल करून अख्खा अँटेना पुढे झुकवतात. इलेक्ट्रिकलमध्ये अँटेना जागचा हलत नाही. बुडाशी असलेला नॉब फिरवून किंवा मोटरने आतली रचना बदलते आणि सिग्नल खाली वळतो. समोरच्या दिशेला दोन्हींची बेरीज लागू होते.

एका साइटवर इलेक्ट्रिकल टिल्ट २ अंशांवरून ४ करायचा होता आणि मेकॅनिकल शून्यच ठेवायचा होता. मराठी कागदावर एवढंच आलं: ‘अँटेनाचा कल २ वरून ४ अंश करा.’ रिगरने कल मोजायचं मीटर अँटेनाच्या पाठीला लावलं, ब्रॅकेट उघडून बरोबर ४ अंश आणले आणि फोटो पाठवला. कागदाप्रमाणे त्याचं काम चोख होतं. पण आतला २ अंशांचा टिल्ट तसाच राहिल्यामुळे एकूण ६ अंश झाले. अँटेना ४० मीटर उंचीवर होता. ४ अंशांना सिग्नलचा मधला झोत साधारण ५७० मीटरवर जमिनीला टेकतो, ६ अंशांना ३८० मीटरवरच. पलीकडच्या वस्तीतून तक्रारी सुरू झाल्या आणि साइटवर अलार्म एकही नव्हता, कारण चुकीचा टिल्ट यंत्राला बिघाड वाटत नाही. कंट्रोल रूमला स्क्रीनवर इलेक्ट्रिकल २ दिसत होता, म्हणून त्यांना वाटलं काम झालंच नाही. फोटोतलं मीटर नीट पाहिल्यावर उलगडा झाला.

नुसती बेरीज जुळवूनही भागत नाही. मेकॅनिकल टिल्टने समोरचा सिग्नल खाली येतो, बाजूंचा जवळपास तसाच राहतो आणि मागचा वर उचलला जातो. इलेक्ट्रिकलने तो सगळीकडून खाली येतो. म्हणून मी ‘कल’ हा शब्द एकटा कधीच लिहीत नाही. माझं वाक्य असं असतं: ‘ब्रॅकेटला हात लावू नका. अँटेनाच्या बुडाचा नॉब फिरवून पट्टीवर ४ आणा. पट्टीचा फोटो काढा.’ वाक्यं वाढतात, वाढू द्या. कागद एका पानात बसवायच्या हट्टापायी पोरांना पुन्हा वर चढवणं मला पटत नाही.

दुसरी चूक जिवाशी खेळणारी आहे. इंग्रजीत असतं, काम सुरू करण्यापूर्वी सेल लॉक करा. घाईत तेच शब्द देवनागरीत उतरवले जातात. साइटवर ‘सेल’ म्हणजे बॅटरीचा सेल, आणि बॅटरीचोरीच्या भीतीने कुलूप लावणं रोजचंच. माणूस बॅटरीच्या कपाटाला कुलूप लावून वर जातो, आणि अँटेना मात्र पूर्ण ताकदीने चालू असतो. इथे सेल म्हणजे अँटेनाचं प्रक्षेपण आणि लॉक म्हणजे ते कंट्रोल रूममधून बंद करणं. मी लिहितो: ‘कंट्रोल रूमला फोन करा. आल्फा सेक्टरचे सगळे बँड बंद करायला सांगा. स्क्रीनवर सगळ्यांपुढे LOCKED दिसतंय असं ते सांगेपर्यंत अँटेनासमोर जाऊ नका.’ SHUTTING DOWN दिसत असेल तर चालू कॉल संपायची वाट पाहिली जात आहे. प्रक्षेपण अजून थांबलेलं नाही. टॉवरवर दुसऱ्या कंपनीचे अँटेना असतील तर ते वेगळे बंद करून घ्यावे लागतात. मूळ कागदात हे नसलं तरी विचारून घाला.

अझिमथ म्हणजे अँटेनाचं तोंड ज्या दिशेला आहे तिचा कोन. त्याला नुसतं ‘दिशा’ लिहू नका. ‘उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १२० अंश’ असं लिहा, आणि होकायंत्र लोखंडापासून दूर उभं राहून धरायला सांगा.

‘कनेक्टर घट्ट आवळा’ हे तर लिहूच नका. जुना जाड ७/१६ कनेक्टर २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळतात, तर पान्याने आवळायच्या लहान ४.३-१० ला ५ पुरे. आकडा आणि टॉर्क पाना, दोन्ही लिहा.

कनेक्टरवर पाणी अडवायला लावायच्या टेपचंही नुसतं ‘गुंडाळा’ म्हणून सोडू नका. शेवटचा थर खालून वर न्यायला सांगा, म्हणजे कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही.