मॅटर प्लग दुसऱ्या ॲपमध्ये जोडला जात नव्हता: माझा अनुभव

गिझरचा वाय-फाय स्मार्ट प्लग मॅटरचा आहे, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये चालावा अशा समान मानकाचा. माझ्या ॲपमध्ये तो नीट चालत होता. बायकोच्या फोनवर दुसऱ्या कंपनीचं ॲप आहे. तिथे प्लगवरचा क्यूआर स्कॅन केला की शोधत राहायचं आणि शेवटी 'डिव्हाइस सापडलं नाही'. राउटर बंद-चालू केला, ॲप पुन्हा टाकलं, प्लग रीसेटही केला. रीसेटने तो माझ्याकडूनही गेला. दोन संध्याकाळी वाया.

कारण साधं होतं. छापलेला कोड पहिल्या जोडणीसाठी असतो. एकदा जोडल्यावर प्लग त्या कोडला दाद देत नाही. पुढचं दार पहिल्या ॲपनेच उघडावं लागतं.

मग असं केलं. प्लग आधी माझ्या ॲपमध्ये पुन्हा जोडला. बायकोचा फोन गेस्ट वाय-फायवर होता, तो मुख्य नेटवर्कवर आणला. माझ्या ॲपमध्ये प्लगच्या सेटिंगमधून जोडणी मोड चालू केल्यावर नवा ११ अंकी कोड आला. तो लगेच तिच्या ॲपमध्ये टाकला, कारण ही मुदत जास्तीत जास्त १५ मिनिटांची असते. मिनिटभरात जोडला गेला. (तिच्या ॲपचा हब म्हणून चालणारा स्पीकर घरात होताच; तो लागतोच.)

आता दोन्हीकडून चालू-बंद होतं. पण माझं पहाटेचं वेळापत्रक तिच्याकडे गेलं नाही, वेगळं लावावं लागलं. विजेचा वापर तिच्या ॲपमध्ये दिसतच नाही. मॅटर १.३ मध्ये ती सोय आली, तरी प्लग आणि ॲप दोघांनीही ती दिलेली असावी लागते. म्हणून प्लगवाल्या कंपनीचं ॲप अजून फोनमध्ये आहेच.